नावावरून बाई की पुरुष कळत नाही, मग मायना काय लिहायचा?

मुग्धा_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्याचा यंदा पहिल्यांदाच छापील दिवाळी अंक निघतोय आणि लेखकांना निमंत्रणाची पत्रं पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. यादीत एकोणचाळीस नावं आहेत. बहुतेक सरळ आहेत, पण पाच ठिकाणी गाडी अडलीय. एक आहेत शीतल, एक किरण. एक जण फक्त 'म. वि.' अशी आद्याक्षरं लावून लिहितात. एकांचं टोपणनाव 'निशिगंध' आहे आणि खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. पाचवं पत्र एका जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना, त्यांच्याकडचा एक फोटो छापायची परवानगी मागायला. तिथे तर नावही माहीत नाही.

मागे कट्ट्याच्या एका कार्यक्रमाचं निमंत्रण दुसऱ्या एका शीतलना 'श्री.' लावून गेलं होतं. उत्तर आलं, 'येते, पण पत्रिकेवरचं श्री. तेवढं काढा.' तेव्हापासून मी घाबरून आहे. माझा मसुदा असा:

'मा. महोदय/महोदया, स.न.वि.वि. आपण मराठीतील नामवंत लेखक/लेखिका आहात. दोन वर्षांपूर्वी आपण आमच्या कट्ट्यावर आला होता/आल्या होत्या, ते सर्वांच्या स्मरणात आहे...'

तीन ओळींत तीन तिरक्या रेघा! पत्र कमी आणि रेशनकार्डाचा अर्ज जास्त वाटतोय. तुम्ही काय लिहिता?

सोलापुरी_चादर

कट्ट्यावर आले होते म्हणता, मग बाई की पुरुष ते दिसलं नाही का? 😄

मुग्धा_डोंबिवली

@सोलापुरी_चादर, किरण आल्या किंवा आले तेव्हा मी कट्ट्यात नव्हते. आणि जे होते त्यांना विचारलं, तर एकाचं म्हणणं बाई होत्या आणि दुसऱ्याचं म्हणणं 'त्या दिवशी मी भज्यांकडे बघत होतो'.

विदर्भवीर

एवढा विचार कशाला? 'महोदय' लिहा आणि मोकळे व्हा. महोदय हा शब्द सगळ्यांना चालतो. तो पदाला उद्देशून असतो, माणसाला नाही. राष्ट्रपती बाई असल्या तरी आपण राष्ट्रपतीच म्हणतो ना? तसंच हे.

निंबोणी

+१. मी तर 'Dear Sir/Madam'च्या जागी सगळीकडे 'महोदय' टाकते, आजवर कोणी तक्रार केली नाही.

मोडीवाचक

@विदर्भवीर, अर्धं बरोबर आहे. राष्ट्रपती हे पदनाम आहे, ते बदलत नाही. पण महोदय हे पदनाम नव्हे, ते पदावरच्या माणसाला घातलेली हाक आहे आणि संस्कृतातून येतानाच त्याची महोदया ही जोडीदारीण बरोबर आली आहे. २००७मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा राष्ट्रपती हा शब्द बाईला कसा, यावर केवढा काथ्याकूट झाला होता, आठवत असेल. शेवटी पद राष्ट्रपतीच राहिलं आणि हाक मात्र महोदया झाली. दोन्ही एकाच वाक्यात ऐकू यायचं, 'राष्ट्रपती महोदया'.

जाता जाता, हाक बदलण्याचं एक उदाहरण. प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना, २०१२मध्ये, 'महामहिम' बंद करून त्या जागी 'राष्ट्रपती महोदय' म्हणावं असं राष्ट्रपती भवनाने ठरवलं. गंमत अशी की जुनं महामहिम स्त्री-पुरुष दोघांना चालत होतं, नवं मात्र लिंग विचारतं.

विदर्भवीर

बरं, मग माननीय लिहा. त्याला तर लिंग नाही.

शाईपेन

माननीय, आदरणीय, सन्माननीय, प्रिय: यांतलं कुठलंच मराठीत लिंगाप्रमाणे बदलत नाही. तिथे तुमचं अगदी बरोबर. घोटाळा विशेषणात नसतो, त्याच्यामागे आपण जे नाम चिकटवतो त्यात असतो. 'माननीय' म्हटलं की हात आपोआप 'महोदय'कडे जातो. मुळात तिथे नाम हवंच कशाला, हा प्रश्न आहे. आत्ता घाईत आहे, रात्री सविस्तर लिहिते.

टपालखाते

माझाही असाच प्रश्न आहे. आईच्या नावाने सोसायटीची पत्रं येतात त्यांवर 'श्रीमती' असतं. बाबा हयात आहेत. आई प्रत्येक वेळी पाकीट बघून म्हणते, 'यांनी मला आत्ताच विधवा करून टाकलं.' सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, सरकारी पद्धत आहे. मग सौ. लिहायला सांगावं का?

जास्वंद

@टपालखाते, धागा वेगळा आहे हो. पण सेक्रेटरींचं चूक नाही. सरकारी कागदावर श्रीमती म्हणजे कुठलीही बाई, लग्न झालेली असो नसो. मागच्या पिढीतल्या घरांमध्ये मात्र श्रीमती म्हणजे नवरा गेलेली, हा अर्थ अजून घट्ट आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत आहेत, म्हणून पाकीट हातात घेणारी बाई कुठल्या पिढीची त्यावर सगळं.

आणि सौ.बद्दल: मी स्वतः कोणालाही सौ. लिहीत नाही. नवरा आहे की नाही ही माहिती पाकिटावर कशाला? पण तुमच्या आईंना हवं असेल तर त्यांना जरूर लिहावं.

टपालखाते

आईला विचारलं. म्हणाली, 'काहीच नको, नुसतं नाव लिहा, मी कुठे हरवणार आहे?'

तालुका_वकील

कोर्टातली पद्धत सांगतो, कदाचित ग्रंथपालांच्या पत्राला उपयोगी पडेल. आमच्याकडे दाव्याच्या डोक्यावर 'मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे न्यायालयात' असं लिहितात. न्यायाधीश बाई आहेत की पुरुष, नाव काय, कशाचा पत्ता नाही. यात शिष्टाचार कमी आणि सोय जास्त आहे. न्यायाधीशांची बदली होते, दावा मात्र तिथेच दहा-दहा वर्षं पडून असतो. नावाने लिहिलं तर प्रत्येक बदलीनंतर कागद शिळा झाला असता.

तो 'मे.' म्हणजे मेहेरबान. फारसीतून आलाय आणि त्याला लिंग नाही. गडबड होते ती पुढे, सवयीने 'साहेब' लागतं तिथे. 'मे. न्यायाधीश साहेब' लिहून आत गेलं की समोर मॅडम बसलेल्या. त्या काही म्हणत नाहीत, पण बाजूच्या खुर्चीतला शिरस्तेदार हसतो.

माहिती अधिकाराचा अर्ज बघा. आपल्या राज्यातला ठरलेला नमुना आहे, जोडपत्र 'अ'. वर 'प्रति, जन माहिती अधिकारी', कार्यालयाचं नाव, पत्ता, आणि खाली थेट अर्जदाराचं नाव. महोदय नाही, महोदया नाही, नमस्कारही नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. लोक तरीही हाताने मध्ये 'महोदय,' घुसडतात. त्याशिवाय अर्ज उद्धट वाटतो म्हणे.

सोलापुरी_चादर

मे. म्हणजे मेसर्स ना? आमच्या दुकानाच्या बिलावर 'मे. अमुक अँड सन्स' असतं. इतकी वर्षं मी समजत होतो की कोर्ट पण एक फर्म आहे.

तालुका_वकील

पक्षकारांचंही साधारण तेच मत असतं.

नेहा_म्युनिक

मला नवल वाटतं, कारण हाच प्रश्न इथे जर्मनीत ऑफिसात रोज असतो. नाव माहीत नसलं की औपचारिक पत्राची ठरलेली सुरुवात 'सन्माननीय बायका आणि पुरुषहो' अशा अर्थाची असते, एकच माणूस वाचणार असला तरी अनेकवचन. नाव असलं की बाईला आणि पुरुषाला 'सन्माननीय'चं रूपही वेगळं लागतं. तिथे विशेषणच बदलतं, त्यामुळे मराठीसारखी पळवाट नाही. हल्ली बरेच जण 'गूटन टाग' आणि पुढे पूर्ण नाव एवढंच लिहितात. म्हणजे 'नमस्कार शीतल अमुक'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोरडं वाटलं, आता सवय झाली.

मुग्धा, मराठीतही नुसतं 'नमस्कार,' का नाही चालणार?

भाऊकाका

नाही चालणार. नुसतं 'नमस्कार' म्हणजे रस्त्यात भेटून हात वर केल्यासारखं. पत्राला मायना लागतो. आमच्या वेळी शाळेत मायन्याला गुण असत. वडिलांना तीर्थरूप, वडिलांसारख्यांना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार. चुकलं की अर्धा गुण गेला. आता सगळ्यांना 'हाय'.

निंबोणी

काका, पण त्या सगळ्यात समोरचा कोण हे आधी माहीत हवं. अनोळखी माणसाला काय होतं?

भाऊकाका

अनोळखी माणसाला पत्र कोण लिहायचं!

मोडीवाचक

भाऊकाका चेष्टेत म्हणाले असतील, पण नेमकी तीच मेख आहे. मराठेशाहीतली पत्रं वाचताना हे सारखं दिसतं. कोणाला काय मायना, याचे नियम सांगणारे लेखनप्रशस्तीचे ग्रंथच होते. राजमान्य राजश्री कोणाला, वेदमूर्ती कोणाला, बाईला सौभाग्यवती की गंगाभागीरथी. मायना म्हणजे समोरच्याचा दर्जा, जात, वय, नवरा आहे की नाही, सगळं एका ओळीत. माणूस अज्ञात असेल ही शक्यताच त्यात धरलेली नव्हती, म्हणून आपण ते मायने आज नुसते उचलून वापरू शकत नाही.

पण त्याच पत्रांत दोन गोष्टी आहेत ज्या आजही लिंग विचारत नाहीत. एक, नावापुढे येणारं 'यांसी', आजचं 'यांस'. दुसरं 'सेवेसी'. 'स्वामींचे सेवेसी' म्हणजे पत्र माणसाला नाही, त्याच्या सेवेला रुजू. शाळेच्या अर्जात वर 'सेवेशी' लिहायचो ते तिथूनच आलं.

विदर्भवीर

आमच्याकडे सोपं आहे. कोणी रामराम म्हणतं, कोणी जय भीम म्हणतं, समोर बाई असो की बुवा. लिंगाचा प्रश्नच नाही.

सोलापुरी_चादर

सरकारने २०२२मध्ये फोनवर हॅलोच्या जागी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं होतं. तेही लिंगनिरपेक्षच की. मुग्धाताई, 'वंदे मातरम् शीतल' लिहून टाका.

जास्वंद

विदर्भवीर, अनोळखी माणसाला रामराम की जय भीम हे ठरवायला लिंग लागत नाही, पण दुसरं काहीतरी ओळखावं लागतंच ना? एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला.

विदर्भवीर

हे खरं आहे. मागे घेतो.

शाईपेन

आले. अठ्ठावीस वर्षं मुद्रितशोधन केलंय, त्यात लेखक-परिचयांची पानं असंख्य तपासली, त्यामुळे हा विषय हाडात भिनलाय. मुग्धा, तुझा प्रश्न तू फक्त मायन्यापुरता विचारलास, पण तुझ्या मसुद्यातल्या तीन रेघांपैकी दोन मायन्यात नाहीतच. तेव्हा आधी मायना, मग बाकीचं.

मराठी पत्राची सुरुवात हाकेने व्हायलाच हवी असं नाही. इंग्रजीत 'डियर'पुढे कोणीतरी लागतंच, म्हणून त्यांना सर की मॅडम ठरवावं लागतं. आपल्याकडे पत्र कोणाला ते वर 'यांस' लावून सांगून झालं की खाली नमस्कार येतो. नमस्कार ही क्रिया आहे, ती करताना समोरच्याचं लिंग बोलावं लागत नाही. स.न.वि.वि. उलगडून बघ: सप्रेम नमस्कार विनंती विशेष. यात कुठे आहे बाई-पुरुष? तू वर 'महोदय/महोदया' आणि खाली 'स.न.वि.वि.' असे दोन मायने एकावर एक चढवलेस. त्यातला वरचा काढून टाक. राहतं ते असं:

मा. शीतल (आडनाव) यांस,
सप्रेम नमस्कार.

'यांस' हे आदरार्थी बहुवचन आहे, तिथे स्त्री-पुरुष एकच रूप. टोपणनावालाही चालतं: 'मा. निशिगंध यांस'. आद्याक्षरांनाही चालतं. ग्रंथपालांना 'मा. ग्रंथपाल यांस'. भाऊकाकांचा आक्षेप राहत नाही, कारण मायना पूर्ण आहे.

आता पत्राच्या पोटातलं. समोरच्याला 'आपण' म्हणत असताना मराठी बरीच उदार आहे. आपण लिहिता, आपण पाठवाल, आपण पाठवणार आहात, आपण लिहिलंत: एकाही ठिकाणी लिंग दिसत नाही. 'तू'वर आलं की लगेच करतोस-करतेस सुरू होतं, आदराने बोललं की ते विरघळतं. 'आपण आमच्या कट्ट्यावर आलात' यातही काही कळत नाही. तुझी रेघ पडली ती 'आला होता/आल्या होत्या' केल्यामुळे. 'आलात' लिही, रेघ गेली.

लेखक/लेखिका ही तिसरी रेघ. तिथे 'साहित्यिक' म्हणता येईल, किंवा माणसाला सोडून लेखनाबद्दल बोलता येईल: 'आपलं लेखन आम्ही आवडीने वाचतो.' मला दुसरं जास्त आवडतं. नामवंत आहात असं नामवंताला सांगण्यात तसाही अर्थ नाही.

मुग्धा_डोंबिवली

शाईपेनताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळा वेळ महोदयला पर्यायी शब्द शोधत बसले होते.

पन्हाळा

शाईपेन, एक शंका. आमच्याकडे मॅडमना 'तुम्ही कधी आल्या?' असंच विचारतात. 'तुम्ही कधी आलात' हे पुस्तकी वाटतं. मग एखाद्या बाईंना 'आपण आलात' वाचून आपल्याला पुरुष समजले असं वाटणार नाही का?

शाईपेन

बोलताना 'तुम्ही आल्या' खूप ठिकाणी म्हणतात, मान्य. छापील मराठीत 'आलात' दोघांना सर्रास चालतं आणि मी आजवर तसंच ठेवत आले. पण तुमच्या कानाला ते पुरुषी लागत असेल तर मी वाद घालणार नाही. धोका टाळायचा तर 'आपल्या भेटीची आठवण सर्वांना आहे' लिहा. क्रियापदच भेटीला बांधून टाकलं.

भाऊकाका

'सप्रेम' वर माझा आक्षेप आहे. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यावर प्रेम कसलं? अनोळखी माणसाला 'सविनय नमस्कार' किंवा 'सादर नमस्कार' लिहावं.

सोलापुरी_चादर

काका, ग्रंथपालांवर प्रेम असायला काय हरकत आहे.

जास्वंद

काकांशी सहमत, विशेषतः परवानगी मागताना. सप्रेम बरोबरीच्या नात्याचं आहे.

शाईपेन

सप्रेमचा प्रेमाशी आता फारसा संबंध उरलेला नाही, जसा 'डियर'चा उरला नाही. पण विनंतीच्या पत्राला सविनय जास्त शोभेल, हे पटतं.

पारवा

इतका वेळ नुसती वाचत होते. एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहिते.

इथे सगळे धरून चालले आहेत की समोरचा माणूस बाई किंवा पुरुष आहे, फक्त आपल्याला कळायचं बाकी आहे. मी पारलिंगी आहे. माझ्या बाबतीत नाव, फोटो, आवाज सगळं माहीत असूनही लोक 'महोदय/महोदया' लिहितात आणि ती तिरकी रेघ मला मधोमध उभी करते. ती लिहिणाऱ्याला वाटतं त्याने दोघांची सोय केली. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक फॉर्मवर तिसरा रकाना आला. पण फॉर्म भरून दिला की त्याला येणाऱ्या उत्तरावर पुन्हा श्री./श्रीमती असतं, कारण पत्राचा साचा कोणी बदललेला नसतो.

शाईपेनताईंचं 'यांस' मला म्हणून आवडलं. त्यात मला कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्नच निघत नाही. माझ्या एका मैत्रिणीला मात्र नेमकं उलट हवं असतं. तिला 'श्रीमती' लिहिलेलं हवं असतं, कारण तो शब्द मिळवायला तिने वर्षं घालवली आहेत. तेव्हा ज्यांचं ठाऊक आहे त्यांना सरसकट 'यांस'वर आणून ठेवू नका, एवढंच.

जास्वंद

पारवा, लिहिलंत ते बरं केलंत. तिरक्या रेघेचा असा विचार कधी केला नव्हता.

विदर्भवीर

मग विचारूनच का घेऊ नये? 'आपल्या नावाआधी काय लावावे ते कळवा.'

निंबोणी

पहिल्याच पत्रात? लेख मागायच्या आधी श्री. की श्रीमती विचारायचं?

शाईपेन

पहिल्या पत्रात नको, पण लेखाबरोबर परिचय मागवता तेव्हा जरूर विचारावं. आणि मुग्धा, खरी परीक्षा तिथेच आहे, मायन्यात नाही. 'आपण' होतं तोवर निभावलं. परिचयात ते तृतीयपुरुषी होतं आणि मराठीचं औदार्य संपतं.

समज, किरण यांचा परिचय त्यांच्या जुन्या पुस्तकावरून तू तयार केलास: 'किरण यांचा जन्म साताऱ्याचा. त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. २०१५मध्ये ते निवृत्त झाले. ते सध्या पुण्यात राहतात.' पहिली दोन वाक्यं निर्धोक आहेत. 'यांचा', 'त्यांनी', 'त्यांना' यांत लिंग नाही आणि 'शिकवलं' हे गणितामागे जातं, किरणमागे नाही. तिसऱ्या वाक्यात फसलीस: 'ते' आणि 'झाले' दोन्हीकडून. चौथ्यात 'राहतात' दोघांना चालतं, पण 'ते' पकडून देतं.

माझी तपासायची पद्धत अशी. पेन्सिलीने ते, त्या, हे, ह्या एवढ्यांवर गोल करायचा. मग होते-होत्या, गेले-गेल्या, झाले-झाल्या अशी भूतकाळातली क्रियापदं बघायची. जिथे माणसाला 'ने' किंवा 'नी' लागलंय तिथे सहसा भीती नाही. जिथे माणूस नुसता उभा आहे तिथे तो उघडा पडतो. मग वाक्य फिरवायचं: 'त्यांनी २०१५मध्ये निवृत्ती घेतली. सध्या वास्तव्य पुण्यात.' झालं.

दोन-चार ओळींच्या परिचयाला हे जमतं. पानभर लेख असेल तर असं लिहिलेलं तिसऱ्या परिच्छेदापासून चमत्कारिक लागायला लागतं, वाचणाऱ्याला कळतं की काहीतरी चुकवलं जातंय. तिथे सरळ फोन करावा.

पन्हाळा

'नी'चा नियम नेहमी नाही हं चालत. 'किरण पुस्तक घेऊन आले' इथे पुस्तक आहे, तरी 'आले' किरणमागे गेलं.

शाईपेन

पण तिथे किरणला 'नी' कुठे लागलंय? मी 'नी' बघा म्हणाले, पुस्तक बघा नाही. अपवाद आहेतच, 'त्या पुस्तक शिकल्या' म्हणतो आपण, 'त्यांनी' नाही. शिकणं, विसरणं, बोलणं अशी काही क्रियापदं हट्टी आहेत.

नेहा_म्युनिक

आणि पत्राच्या खाली सही करताना? 'आपला विश्वासू' की 'आपली विश्वासू', तिथे लिहिणाऱ्याचंच लिंग येतं. मुग्धा स्वतः मुलगी आहे, पण पत्र मंडळातर्फे जातंय.

मुग्धा_डोंबिवली

अरे हो. मसुद्यात 'आपला विश्वासू' तसंच राहिलंय, जुन्या पत्रावरून उचललं होतं. म्हणजे मी स्वतःलाच पुरुष करून टाकलं होतं.

भाऊकाका

'कळावे, लोभ असावा, ही विनंती.' याच्याइतकं सुंदर काही नाही. आणि तुमच्या भाषेत सांगायचं तर लिंगनिरपेक्षसुद्धा आहे.

तालुका_वकील

ग्रंथपालांना लोभ नको, परवानगी हवी आहे. तिथे 'कळावे' पुरे. आणि फोटोचं वर्णन, कुठे छापणार, किती प्रती, हे पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. मायना कितीही चुकला तरी कागद पुढे सरकतो, विषय शेवटी आला तर सरकत नाही.

मुग्धा_डोंबिवली

सुधारलेलं पत्र, बघून सांगा:

'मा. किरण (आडनाव) यांस,
सविनय नमस्कार.
आपलं लेखन आमच्या कट्ट्यावर आवडीने वाचलं जातं. दोन वर्षांपूर्वी कट्ट्यावर झालेल्या आपल्या गप्पा अजून सर्वांच्या स्मरणात आहेत. यंदा आम्ही पहिला दिवाळी अंक काढत आहोत. त्यासाठी आपण सुमारे दीड हजार शब्दांचा लेख द्यावा, अशी विनंती आहे. लेखासोबत चार ओळींचा परिचय पाठवावा. आपलं नाव अंकात कसं छापावं आणि आपला उल्लेख कसा करावा, तेही त्यात कळवावं.
कळावे, लोभ असावा, ही विनंती.
संपादक मंडळाकरिता,
मुग्धा'

पारवा

'आपला उल्लेख कसा करावा' हे छान जमलंय. विचारलंही आणि अवघडही केलं नाही.

विदर्भवीर

चांगलं झालं. तरी मला 'यांस' जरा जुनं वाटतं. 'यांना' का नको?

शाईपेन

'यांना'ही चालेल. लिंगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. कान तुमचा.

मुग्धा_डोंबिवली

एकोणचाळीसही पत्रं गेली. ज्यांचं नक्की माहीत होतं त्यांनाही 'यांस'च लिहिलं, दोन साचे सांभाळायचा कंटाळा आला. (पारवा, ज्यांनी स्वतःच्या पुस्तकावर श्रीमती छापलंय अशा दोघींना श्रीमती ठेवलं.)

ग्रंथपालांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. फोटोला परवानगी आहे, खाली वाचनालयाचं नाव छापायचं. सही 'र. ग.' अशी. पत्राची सुरुवात 'मा. संपादक महोदय'.

सोलापुरी_चादर

म्हणजे अजून कळलं नाही र. ग. कोण ते.

मुग्धा_डोंबिवली

नाही. आभाराचं पत्र लिहायला बसलेय, 'यांस'ने.

टपालखाते

सोसायटीच्या सेक्रेटरींना आईचं सांगितलं. ते म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये श्री., श्रीमती, कु. यांतलं काहीतरी निवडल्याशिवाय पुढेच जात नाही. यावर कोणाला काही माहीत आहे का?